नवसाबाईच्या डब्यांतली माती

नवसाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं नाशिकरोडच्या त्या वसाहतीत सगळे म्हणत. ते काही खरं नव्हतं. कारण असायचंच, फक्त इतरांच्या ते ध्यानात यायच्या आधी तिच्या आलेलं असायचं. दवाखान्यात ती आया होती. तिथे एखाद्या बाळंतिणीचा नवरा हात हलवत आला, की तिच्या तोंडचा पट्टा सुरू व्हायचा, आणि तो बिचारा उलट पावली जाऊन नारळ, बिस्किटं, काहीतरी घेऊन यायचा. नळाला पाणी कमी आलं तर ती नळाला बोलायची. तिचा नवरा रावजी स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करायचा, शांत माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात माझ्या वाटचं बी तीच बोलून घेती."

एवढं सगळं असलं तरी गच्चीवर गेली की नवसाबाईचा आवाज खाली यायचा. दुमजली इमारतीची सामाईक गच्ची होती. एका कडेला पाण्याची टाकी, टाकीशेजारी कपडे धुवायचा दगड, आणि दुसऱ्या कडेला कठड्यालगत नवसाबाईचे डबे. तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे, दोन-तीन गळके माठ, एक तळ गेलेली बादली. त्यांत टमाटी, भेंडी, कधी वांगी, आणि एका पसरट डब्यात हौसेनं लावलेला भुईमूग. सगळ्या बिऱ्हाडांना माहीत होतं की त्या डब्यांना हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही तो झाडांमुळे नव्हे, मातीमुळे.

ती माती इगतपुरीकडची होती. नवसाबाईच्या बापाला वतनात मिळालेला ओढ्याकाठचा एक तुकडा होता. वतनं रद्द झाल्यावर बापानं ढोरासारखी मेहनत करून, पैसे भरून तो पुन्हा रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतला होता. सातबाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी म्हातारा शेतात जाऊन नुसता बसून राहिला होता. मग धरण आलं, आणि तुकडा पाण्याखाली गेला. मोबदला काय मिळाला आणि कुणाकुणाच्या हातातून गेला, त्या भानगडीत आता शिरायला नको. पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात नवसाबाई माहेरी गेली आणि येताना पोत्यांत शेताची माती भरून घेऊन आली. रेल्वेच्या डब्यात लोकांनी शिव्या घातल्या. तिनंही घातल्या. "तुमच्या बसायच्या जाग्यावर माझा बाप हाय, समजलं?" असं ती एका टोपीवाल्याला म्हणाली होती, आणि तो खरंच सरकून बसला होता.

त्याला आता सात-आठ वर्षं होत आली होती. बाप मागेच गेला होता. तांबूस, भुसभुशीत अशी ती माती मात्र गच्चीवर होती.

दर वैशाखात नवसाबाईचा एक नेम असायचा. सगळे डबे, सगळे माठ ती गच्चीच्या मध्यावर उपडे करायची. मोठा ढीग व्हायचा. जुन्या झाडांची मुळं ती फेकायची नाही. खुरप्यानं बारीक करून तिथेच मिसळायची. "मातीचं मातीला मिळू द्यावं," असं तिचा बाप म्हणायचा. त्यात शेणखत घालून, पाय लावून ती सगळा ढीग एकजीव करायची आणि मग पुन्हा डबे भरायची. शेत एक होतं, मग माती डब्याडब्यांत वेगळी का राहावी, असं काहीसं तिच्या मनात असायचं. तोंडानं ती फक्त म्हणायची, "लय चिकट झालीय, हलवली पायजे."

पावसाळ्याच्या सुरुवातीला ती एका माठात रोपं टाकायची आणि जरा मोठी झाली की इमारतीतल्या बायकांना वाटायची. रोप द्यायचं तर मातीच्या गोळ्यासकट. "उघड्या मुळाचं रोप म्हंजे उघडं लेकरू," म्हणायची. शकुबाईला टमाटी, सिंधुबाईला वांगं, शेजारच्या साळूबाईला भेंडीसुद्धा. रोप देताना जरा कमी रागावायची. तेवढीच काय ती तिची देवघेव.

त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साल उजाडलं तेव्हा, टमाटी बिघडली.

सकाळी झाडं बरी दिसायची. दुपार झाली की माना टाकायची. बोट घालून पाहावं तर माती ओली. संध्याकाळी पुन्हा जरा सावरायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. खालची पानं पिवळी पडत चालली होती. झाडं गुडघ्याएवढी होऊन थांबली होती, फळं धरली तर बोराएवढी. आदल्या वर्षी दोन डबे असे झाले होते, तेव्हा तिनं ते उन्हावर ढकललं होतं. आता एक भुईमुगाचा डबा सोडला तर सगळी रांगच तशी झाली.

"पाणी घालतीय, खत घालतीय, अजून काय घालू? माझं मुंडकं घालू?" ती डब्यांना विचारायची.

रावजी म्हणाला, "थंडी जास्त पडली औंदा."

"थंडी काय माझ्याच डब्यांत पडली?"

मग एके दिवशी तिची नजर टाकीशेजारच्या दगडाकडे गेली. दगडावरचं पाणी गच्चीच्या उतारानं तिच्या डब्यांच्या दिशेनं येत होतं. त्या दगडावर सगळ्यात जास्त कपडे कोण धुतं? साळूबाई. कपड्यांना सोडा कोण घालतं? साळूबाई. आणि मागच्या महिन्यात नळावरून "नवसाआक्काची बादली काय सरकारी हाय का, सगळ्यांच्या आधी भरायला?" असं सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं?

नवसाबाईला आता सगळं लख्ख दिसलं.

साळूबाई तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. ओझरकडची, नवरा पुंजाराम द्राक्षांच्या बागेत छाटणीला जायचा आणि हंगामात तीही जायची. काळीसावळी, चपळ, आणि बोलण्यात नवसाबाईला पुरून उरणारी वसाहतीतली एकटीच बाई. त्यामुळे दोघींचं कधी जमलं नाही आणि कधी पूर्ण तुटलंही नाही.

नवसाबाईनं सुट्टीच्या दिवशी जेवण उरकलं आणि गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीत बसली. साळूबाई बादली आणि बोचकं घेऊन वर आली. तिला पाहून म्हणाली, "काय आक्का, राखणीला बसल्या का?"

"हां. चोर कोण ते बघायला."

"मंग घावला का?"

"घावला. बादली हातात घेऊन उभा हाय."

साळूबाईनं बोचकं खाली ठेवलं. "नीट बोला हां आक्का. काय चोरलं मी तुमचं?"

"चोरलं नाय, जाळलं! सोड्याचं पाणी कुणी सोडलं माझ्या डब्यांत? एका भेंडीचं रोप मी तुला हातानं दिलं, मातीसकट दिलं, आन् तू त्याची ही फेड केली? माझ्या बापाच्या मातीत सोडा?"

"मी तुमच्या डब्यांत पाणी टाकलं? तुमच्या डब्यांकडं बघायची बी भीती वाटती मला! नजर लागली म्हणून माझ्याच नावानं बोंबलाल!"

"मंग हे आपोआप झालं?"

"मला काय माहीत? मी काय टमाट्याची दाई हाय?"

आवाज ऐकून जिन्यातून शकुबाई आणि सिंधुबाई वर आल्या. अजून दोन-तीन बायका जिन्याच्या दारात थांबल्या. माणसं जमली की नवसाबाईला जोर यायचा. तिनं जवळच्या डब्यातलं एक टमाट्याचं झाड बुडाला धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. "बघा, बघा समद्यांनी! मूळ जळलंय का नाय सोड्यानं? बघा!"

तिनं झाड सगळ्यांपुढे धरून झटकलं. माती गळून पडली.

मूळ जळलेलं नव्हतं. ते गाठाळलं होतं. बारीक तंतूंची जाळी असायला हवी तिथे जाडजूड, वेडीवाकडी, ठिकठिकाणी फुगलेली मुळं होती. कुठे ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ, कुठे दोन-तीन गाठी एकमेकींत मिसळून आल्याच्या कुडीसारखा आकार झालेला.

नवसाबाईनं मूळ डोळ्यांजवळ नेलं. मग तिचा चेहरा उजळला. "आन् हे काय हाय माहितेय का? ह्या गाठी! भुईमुगाला असत्यात तशा. माझा बाप भुईमूग उपटून दाखवायचा, गाठी असल्या की म्हणायचा, जमिनीत जोर हाय. म्हंजे माती माझी चांगली हाय. कसदार हाय! मातीचा दोष नाय, झाडाचा नाय. मंग राहिलं कोण? तुझा सोडाच राहिला!"

शकुबाईनं मान डोलावली. तिचंही माहेर शेतीतलं होतं, गाठींचं तिलाही माहीत होतं.

साळूबाई मात्र पुढे आली. तिचा आवाज खाली आला होता. "द्या हिकडं."

"हात लावू नको."

"द्या म्हणते ना!" तिनं झाड जवळजवळ हिसकावून घेतलं, मूळ बोटांत धरलं आणि एका गाठीवर नख लावलं. गाठ निघेना. तिनं जोर केला, तशी गाठीसकट मूळच तुटलं. मग ती सरळ भुईमुगाच्या डब्याकडे गेली आणि नवसाबाई "ए, ए!" करेपर्यंत एक वेल उपटूनही झाला.

"आता हे बघा. भुईमुगाची गाठ मुळाच्या अंगाला चिकटलेली असती. शेंबडासारखी." तिनं नखानं एक गाठ टिचकली, ती अलगद गळून पडली आणि मूळ जसंच्या तसं राहिलं. "चिरडली तर आत लाल निघती. ती गाठ झाडाला पोसती. आन् ही तुमच्या टमाट्याची. ही मुळाला लागलेली नाय, मूळच सुजलंय. तोडली तर मूळ तुटतं. ही गाठ झाडाला खाती, आक्का."

"तुला कुणी सांगितलं?"

"बागाईतदाराकडं टमाट्याच्या रोपांचे वाफे होते, ते समदे गेले होते असे. शेतकी खात्याचा माणूस येऊन बघून गेला. किडे असत्यात म्हणे मातीत, सुतासारखे, डोळ्याला दिसत बी नाय. मुळात शिरत्यात, आत बसून खात्यात, तितंच अंडी घालत्यात. पाणी वर चढत नाय, म्हणून दुपारची मान टाकती." तिनं तुटलेली गाठ दगडावर ठेवून नखानं फोडली. आतल्या ओल्या गरात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे, मोत्यासारखे ठिपके होते. "ह्या त्यांच्या माद्या."

नवसाबाई वाकली, पाहिलं आणि सरळ झाली. "खोटं हाय. सोड्यानं झालंय ते."

"सोड्यानं? बरं!" आता साळूबाईचा पारा चढला. ती गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथे तिच्या स्वतःच्या दोन कुंड्या होत्या. त्यातली एक भेंडी तिनं दोन्ही हातांनी ओढून काढली. भेंडी खुजी, पिवळट, आणि मुळाला नवसाबाईच्या टमाट्यासारख्याच गाठी, किंवा त्याहून मोठ्या. साळूबाई ते मूळ हातात धरून पाहतच राहिली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

"माझी बी गेली," ती म्हणाली. आणि मग ओरडली, "तुमच्या रोपानं! मातीसकट दिलं होतं ना? मातीसकटच घातलं माझ्या कुंडीत! मी कधी सोडा टाकला नाय तुमच्या डब्यांत, तुम्ही माझ्या कुंडीत किडे टाकले!"

मग जे व्हायचं ते झालं. शकुबाई खाली जाऊन खिडकीतल्या कुंडीतलं टमाटं उपटून घेऊन आली. गाठी. सिंधुबाईच्या वांग्याला गाठी. ज्यांना ज्यांना नवसाबाईनं रोप दिलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकींची तीच गत. एकीनं मुळं नवसाबाईच्या पायाशी आणून टाकली. कुणी काही फार बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. बोलल्या असत्या तर नवसाबाईला उत्तर देता आलं असतं.

"वाफ्यांचं काय केलं मंग त्या बागाईतदारानं?" शेवटी सिंधुबाईनं साळूबाईला विचारलं.

"त्याची जमीन मोठी. तिथलं सोडून दुसरीकडं वाफे केले, जुन्या जाग्यावर दोन वर्सं झेंडू न् ज्वारी घातली. कुंडीत काय, मुळं जाळायची, माती फेकायची, डबे उकळत्या पाण्यानं धुवायचे, नवी माती आणायची. झालं."

"झालं?" नवसाबाई म्हणाली. "झालं म्हणती. तुझी माती तू फेक. माझी फेकायला सांगणारी तू कोण? ती माझ्या बापाची माती हाय. ते शेत आता जगात कुठं नाय. पाण्याखाली गेलंय. एवढंच राहिलंय."

"मंग पोसा किडे," साळूबाई म्हणाली आणि न धुतलेलं बोचकं उचलून खाली गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस नवसाबाई सगळ्यांवर चिडून होती. दवाखान्यात तिच्या पुढ्यात जायला नर्सासुद्धा कचरायच्या. रागाचं एक बरं असतं, तो कुणावरही काढता येतो. तिनं तो साळूबाईवर काढला, बागायतदारावर काढला, धरणावर तर जुनाच होता. आणि मग एका रात्री जेवताना तिला आठवलं. दीड-दोन वर्षांमागे आठवडे बाजारातून तिनं वांग्याची रोपं आणली होती. स्वतःच्या रोपांना त्या वर्षी कीड लागली म्हणून. ती रोपं लावली त्या डब्यांतच पहिल्यांदा झाडं खुरटली होती. आणि वैशाखात तिनं ते डबे उपडे करून, मुळं बारीक करून, पाय लावून...

तिनं भाकरी ताटात ठेवली.

"काय झालं?" रावजीनं विचारलं.

"आपली माती चांगली होती," ती म्हणाली. "तिला इथं लागलं. बाजारच्या रोपासंगं आलं. आन् मी माझ्या पायानं समद्या मातीत कालवलं."

"आता तुला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं तर हात लावायचा नव्हता!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं.

पण माती तिनं फेकली नाही. बाळंतिणीला विसावा देतात तसा मातीला विसावा द्यावा, असं तिनं ठरवलं. गाठाळलेली मुळं मात्र साळूबाईनं सांगितल्याप्रमाणे वेचून चुलीत घातली. माती पोत्यांत भरली आणि पोती जिन्याखाली, सावलीत, एकावर एक रचली. रावजी म्हणाला, "उन्हात पातळ पसरली तर?" ती म्हणाली, "उन्हात करपंल." कुणी त्या पोत्यांवर बसलं तर ती त्याला उठवायची. तो सगळा उन्हाळा कठड्यालगत रिकामे डबे उभे होते, आणि साळूबाईच्या कुंड्यांत नवी माती पडली होती. नवसाबाई त्या कुंड्यांकडे बघायची नाही. म्हणजे बघायची, पण कुणी पाहत नसताना.

पाऊस नीट सुरू झाल्यावर तिनं एक पोतं उघडलं. मातीला वास चांगला होता. दोन डबे भरले आणि बाजारच्या पुडीतलं भेंडीचं बी टाकलं. रोप नाही, बी. भेंडी जोमानं उगवली. नवसाबाई दवाखान्यातून आली की खोचलेला पदर न सोडता आधी वर जायची. साळूबाई जिन्यात भेटली तर मुद्दाम म्हणायची, "आमच्या मातीत बी भेंडी येती बरं का!"

"यीना का," साळूबाई म्हणायची. "मी काय नको म्हणते?"

भेंडीला पहिली फुलं आली त्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं, आणि दुपारी भेंडीनं मान टाकली.

नवसाबाईनं वाट पाहिली नाही. तिनं झाड उपटलं. मुळं भरभरून गाठाळली नव्हती, पण गाठी होत्या. ओळीनं, धाग्यात ओवल्यासारख्या. तिनं एकीला नख लावलं. गाठ निघाली नाही. मूळ तुटलं.

त्या दिवशी ती ओरडली नाही म्हणून रावजी घाबरला.

सावलीत नुसत्या ठेवलेल्या मातीत अंडी जिवंत राहिली होती. मुळांचे बारीक तुकडे आत होते, ते सगळे वेचणं माणसाच्या हातचं नव्हतं. पाणी मिळालं, भेंडीचं कोवळं मूळ मिळालं, आणि पोरं बाहेर पडून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या विहाराचं काम पाहणारा सावळीराम जिन्याखाली आला. विहारापुढे फुलझाडांचे वाफे करायचे होते. "नवसाबाई, ही पोती टाकून द्यायची म्हणतात ना? आम्हाला द्या. एवढी छान माती. शेवंती लावू, चार केळी लावू. बापाच्या नावानं पुण्य लागंल."

नवसाबाई पायरीवर बसली होती. ती उठली. "पुण्य? माझ्या घरचा रोग मी विहाराच्या वाफ्यात घालू? केळीला लागत नाय हे तुला कुणी सांगितलं? पाच घरं बुडवली मी ह्या मातीनं, आता सहावं तुमचं राहिलंय का?"

"अहो, मी आपलं..."

"हात लावशील तर बघ!"

सावळीराम निघून गेला. पण त्याच्या येण्यानं एक गोष्ट झाली. ही माती कुणाला देता येणार नाही, हे नवसाबाईनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. आणि देता येत नाही तर ठेवायची कशाला? जिन्याखालून उद्या कुणी घमेलंभर उचलून नेली तर? तिला सावळीरामाचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग त्या पोत्यांचाही.

वसाहतीबाहेर नवा रस्ता होत होता. खड्डे बुजवून, मुरूम टाकून वर रोलर फिरवत होते. नवसाबाईनं रावजीला हाक मारली. "उचला."

"आत्ता?"

"आत्ता. मंग माझ्यानं व्हायचं नाय."

रावजीला पोती उचलायची सवय होती. पण तो पहिलं पोतं पाठीवर घेऊन थांबला. "मूठभर ठेव की. बाटलीत घालून ठेव. त्याला काय होतंय?"

"ठेवली तर एक दिस डब्यात घालीन मी," नवसाबाई म्हणाली. "मला माझा हात ठाऊक हाय. चला."

रस्त्यावरच्या सगळ्यात खोल खड्ड्यापाशी त्यांनी पोती मोकळी केली. मुकादम धावत आला. "ओ बाई, काय टाकताय? इथं मुरूम पडतो!"

"वरून टाक तुझा मुरूम! खाली हे जाऊ दे."

"माती चालत नाही खाली, खचतो रस्ता!"

"खचू दे! समदं गाव खचलं तवा कुणी विचारलं नाय, तुझा रस्ता खचला तर खचू दे! टाक मुरूम!"

मुकादमानं रावजीकडे पाहिलं. रावजीनं हात जोडले. काय समजायचं ते मुकादम समजला असावा. त्यानं मातीच्या वर आधी दगड टाकायला लावले, मग मुरूम. रोलर येऊन दोनदा फिरला. नवसाबाई धूर खात, कमरेवर हात ठेवून, शेवटपर्यंत उभी होती. रोलरवाल्याला तिनं एकदा कडेला नीट फिरव म्हणून दटावलंही. मग रिकामी पोती तिनं तिथेच राडारोड्यात पेटवून दिली.

घरी आल्यावर तिनं बंब पेटवला. सगळे डबे, माठ, खुरपं, पाण्याची झारी, सगळ्यावर उकळतं पाणी ओतलं. वाफेनं तिचा हात भाजला, त्याबद्दल तिनं बंबाला शिव्या दिल्या. साळूबाई जिन्यात येऊन उभी राहिली.

"माती कुठनं आणणार?"

"तुला काय करायचंय?"

"पुंजाराम म्हणत होते, माळावर कुणाचा तरी बंगला होतोय. पाया खणलाय. तिथं कधी नांगर लागला नाय, खालची माती कोरी हाय. मी बी तिथनंच आणली."

नवसाबाई माठावर पाणी ओतत राहिली. पण दुसऱ्या दिवशी साळूबाई घमेलं घेऊन निघाली तेव्हा तीही मागून निघाली. वाटभर दोघी दहा पावलांच्या अंतरानं चालत होत्या आणि तरी भांडत होत्या. साळूबाई म्हणाली की सोड्याचा आळ घेतला त्याचं काय. नवसाबाई म्हणाली की मग सोडा घालतेस की नाही घालत? साळूबाई म्हणाली घालते, पण कपड्यांत. पायाच्या खड्ड्याशी गेल्यावर मात्र नवसाबाईनं मूठभर माती उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. फिकट, खडेदार, बेचव. "ह्यात काय उगवणार, कपाळ?"

"शेणखत घाला. मुरलेलं. आन् निंबोळीची पेंड घाला."

"घालीन तर. तू नको शिकवू." आणि थोड्या वेळानं, "पेंड कुठं मिळती?"

नव्या मातीत तिनं सगळ्या डब्यांत बी टाकलं, बाजारचं एकही रोप घेतलं नाही, आणि कुणालाही दिलं नाही. दिवाळीच्या पुढे भेंडी कमरेला आली. पानं हिरवीगार, दुपारच्या उन्हात ताठ. पिवळी फुलं, आणि खालच्या पेरांना बोटाएवढ्या भेंड्या. बायका वर येऊन पाहून जायच्या. नवसाबाई पाहायची आणि तिचा चेहरा आणखीच आंबट व्हायचा. रावजी म्हणाला, "आता तरी खूश व्हय."

"खालचं कुणाला दिसतंय?" ती म्हणाली.

ते तिला झोपू देत नव्हतं. वरून तर पूर्वीही काही दिवस हिरवंच दिसत होतं. एका दुपारी साळूबाई दगडावर कपडे आपटत असताना नवसाबाई सरळ रांगेतल्या सगळ्यात मोठ्या भेंडीपाशी गेली, बुडाला धरलं आणि उपटली. फुलांसकट, भेंड्यांसकट.

"आवो आक्का!" साळूबाई हातातलं लुगडं टाकून धावली. "याड लागलं का तुम्हाला? फळावर आलेलं झाड! पाप हाय हे!"

"बोलू नको. पाणी आण."

"काय?"

"पाणी आण म्हणते, बादली!"

साळूबाईनं शिव्या घालत बादली आणली. नवसाबाईनं मूळ पाण्यात हळूच बुडवून धुतलं. माती सुटून खाली बसली. मग तिनं ते उन्हात धरलं. एक सरळ सोटमूळ आणि त्याला केसांसारखे पांढरे तंतू, सगळीकडे सारखे. नवसाबाईनं एकेक तंतू बोटांतून सोडत वरून खालपर्यंत पाहिलं. मग झाड साळूबाईकडे दिलं, आणि साळूबाईनंही पाहिलं.

"नाय," साळूबाई म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं. एक बी नाय."

नवसाबाई कठड्यावर बसली. साळूबाईला वाटलं आता ही रडणार.

"दगडासारखी माती," नवसाबाई म्हणाली. "ना रंग, ना वास. कुणाची हाय कुणाला माहीत. आन् मेली भेंडी ह्यात येती! माझ्या बापाच्या मातीत नाय आली आन् ह्यात येती!" तिनं कठड्यावर हात आपटला. "असं असतं का कुठं?"

साळूबाई खाली बसली. तिनं उपटलेल्या झाडावरच्या भेंड्या एकेक करून खुडल्या, कोवळ्या वेगळ्या, जून वेगळ्या, आणि कोवळ्या नवसाबाईच्या ओच्यात टाकल्या.

"जून बी दे," नवसाबाई म्हणाली. "बियाला ठेवीन. आन् ते दगडावरचं पाणी तिकडं वळव. माझ्या डब्यांकडं येतंय."

"सोडा नाय त्यात!"

"नसू दे. तिकडं वळव."